इअरबडमधली श्रवणचाचणी: बाबांचा डावा कान खरंच इतका गेलाय का?

सांजवेळ

बाबा ७४ वर्षांचे. दोनेक वर्षांपासून टीव्हीचा आवाज चढत चाललाय आणि "तुम्ही सगळे हल्ली पुटपुटता" हे वाक्य रोजचं झालंय. कानाचं मशीन म्हटलं की विषय बंद. म्हणून भावाने त्यांना इअरबड आणून दिले, ज्यात श्रवणचाचणी आणि समोरच्याचं बोलणं मोठं करून ऐकवायची सोय आहे. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्यावरच वाहून जाईल.

चाचणी पाचेक मिनिटांची होती. टुंई टुंई आवाज येतात, ऐकू आला की स्क्रीनवर बोट लावायचं. निकाल: उजवा कान ३५ डेसिबल, डावा ५१. उजव्यासमोर सौम्य, डाव्यासमोर मध्यम असं लिहून आलं. मग फोननेच सुचवलं म्हणून त्या निकालावरून आवाज जुळवून घेतला.

समोर बसून बोलले तर बाबांना नक्कीच चांगलं ऐकू येतं. पण वीस मिनिटांत काढून ठेवतात. म्हणतात, "माझाच आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा येतो."

दोन शंका आहेत. या आकड्यांवर विश्वास ठेवायचा का? दोन कानांत इतका फरक असेल असं आम्हाला कधी जाणवलं नव्हतं. आणि हे असताना मशीनची गरज उरते का?

टेकूराव

गरज नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एअरपॉड्स प्रो २ मधल्या सॉफ्टवेअरला श्रवणयंत्र म्हणून रीतसर मान्यता दिली आहे. म्हणजे इअरबड आणि श्रवणयंत्र यांतली भिंत पडली. मशीनमध्ये तरी काय असतं? माइक, चिप आणि स्पीकर. यातही तेच. डावा कमी ऐकतो तर डाव्याचा आवाज वाढवा, स्लायडर असतो.

पिंपाचं म्हणाल तर सवय होते.

घोंगडी

७४ व्या वर्षी इअरबड? माझा भाचा दिवसभर कानात घालून बसायचा, आता त्याला कानात सतत शिट्टी वाजल्यासारखं होतं. गाणी ऐकायची तर साधा स्पीकर लावून द्या, कानाला विश्रांती मिळेल.

सांजवेळ

@घोंगडी, गाण्यांसाठी नाही हो. बाहेरचं बोलणं ऐकण्यासाठी घालतात. बाबा गाणी स्पीकरवरच ऐकतात, तीही अख्ख्या इमारतीला ऐकवत.

कर्णफूल

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. ३५ आणि ५१ हे सरासरीचे आकडे आहेत, त्यावरून मला काहीच सांगता येणार नाही. फोनमध्ये निकालावर बोट लावलं की आलेख उघडेल. त्यात प्रत्येक स्वराला प्रत्येक कानाचा वेगळा बिंदू असतो. ते इथे लिहाल का? आणि हे आधी सांगा: डावा कान हळूहळू कमी झालाय की गेल्या काही दिवसांत अचानक?

सांजवेळ

अचानक नाही. निदान बाबा तरी तसं म्हणत नाहीत. चक्कर, कान वाहणं, काही नाही.

आलेखातले आकडे, हर्ट्झ आणि डेसिबल:

उजवा: २५० ला २०, ५०० ला २०, १००० ला २५, २००० ला ४०, ४००० ला ५५, ८००० ला ७०.
डावा: २५० ला ४५, ५०० ला ४५, १००० ला ४५, २००० ला ५०, ४००० ला ६५, ८००० ला ७५.

कर्णफूल

धन्यवाद, आता बोलता येईल.

उजवा कान बघा. खर्जाचे स्वर जवळपास ठणठणीत आणि जसजसं वर जावं तसतशी उतरण. वयाबरोबर कान उतरतो तो साधारण असाच. बाबांना "पुटपुटता" का वाटतं तेही यात आहे. आपल्या बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ वगैरे, खालच्या भागात असतात आणि जोरकस असतात. ते त्यांना नीट पोचतात, म्हणून कोणीतरी बोलतंय हे कळतं. पण स, श, फ, थ हे नाजूक आवाज वरच्या भागात असतात. तेच गळतात आणि शब्द ओळखायला नेमके तेच लागतात. म्हणून "ऐकू येतं पण कळत नाही".

आता डावा. ४००० आणि ८००० ला तो उजव्यापेक्षा फक्त ५ ते १० डेसिबलने मागे आहे. पण २५० आणि ५०० ला तब्बल २५ ने. २००० पर्यंत उतरण नाहीच, जवळजवळ सपाट पट्टी आहे. वयाने दोन्ही कान सोबत म्हातारे होतात. एकाच कानाचा फक्त खर्ज गेला असेल तर मला आधी वेगळ्या शंका येतात.

एक, इअरबड नीट बसला नव्हता. रबरी टोपी आणि कानाच्या भिंतीत फट राहिली की खर्ज आधी निसटतो, त्यामुळे कान आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. दोन, खोलीत पंखा किंवा फ्रिजची घरघर होती. तीही खर्जच झाकते, पण ती सहसा दोन्ही कानांत दिसायला हवी. तुमचा उजवा स्वच्छ आहे, म्हणून ही शक्यता मी मागे ठेवते. तीन, आवाज आत जायची वाटच अडली आहे: मळ, पडद्यामागे पाणी किंवा आतल्या हाडांची काही भानगड.

पहिली शक्यता घरी तपासता येते. टोपी एक माप मोठी लावा, फोनमधली टोपी बसल्याची तपासणी करून घ्या, पंखा बंद करा आणि चाचणी पुन्हा घ्या. सर्दी असेल तर नको, आणि आदल्या दिवशी कुठे मोठ्या आवाजात बसले असतील तरी नको.

अजून एक जुनी युक्ती. बाबांना तोंड मिटून "म्म्म्म" असं एकसारखं गुणगुणायला सांगा आणि विचारा, आवाज कुठल्या कानात जास्त घुमतो. घुमतो तो कान सांगा, नाही घुमला तर तेही सांगा. हे निदान नाही, फक्त अंदाजाला हातभार.

जुनाखोड

वय ७१, मशीन वापरायला लागून नववं वर्ष. बाबांच्या पिंपाबद्दल सांगतो, कारण "सवय होते" हे वाचून हसू आलं.

आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी येतो, हवेतून आणि हाडांतून. कान बुजला की हाडातून आलेला खर्ज आतच कोंडतो आणि घुमतो. दोन्ही कानांत बोटं घालून "ऊऊऊ" म्हणा, लगेच कळेल. इअरबडची टोपी कान बुजवायलाच बनवलेली असते, बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून. माझ्या मशीनच्या कानातल्या टोकाला जी छोटी टोपी आहे तिला छिद्रं आहेत. खर्ज छिद्रांतून ये-जा करतो आणि मशीन फक्त वरचे आवाज भरतं. माझा खर्ज शाबूत आहे म्हणून हे जमतं. बाबांच्या उजव्या कानाचे आकडे माझ्यासारखेच दिसतात.

अवांतर: बुजलेल्या कानांनी काही चावून बघा. दगड फोडायचा कारखाना.

टेकूराव

काका, हल्लीच्या इअरबडमध्ये आतल्या बाजूलाही माइक असतो. तो हे घुमणं ओळखून बऱ्यापैकी कमी करतो. तुम्ही नऊ वर्षांपूर्वीच्या गोष्टी सांगताय.

जुनाखोड

कमी करतो, मान्य. मुलाचे घालून पाहिलेत. कमी होतं, जात नाही. आणि मशीन माझं गेल्या वर्षीचं आहे, नऊ वर्षांपूर्वीचं नाही. नऊ वर्षं जुना मी आहे.

सांजवेळ

पंखा बंद, मोठी टोपी, तपासणीत हिरवी खूण आली. डाव्याचा निकाल ५१ चा ५० झाला. २५० आणि ५०० ला ४० आले, बाकी जवळपास तेच. म्हणजे फट नव्हती?

गुणगुणायला सांगितलं तर बाबा म्हणाले, "डावीकडे." तीनदा विचारलं, तीनदा डावीकडे. मला उलट वाटलं होतं, जो चांगला तिकडे घुमेल.

कर्णफूल

पाच डेसिबलचा फरक त्याच माणसाच्या दोन चाचण्यांत सहज येतो, त्याला मी बदल मानत नाही. म्हणजे फट हे कारण मागे पडलं.

तुम्हाला उलट वाटलं ते स्वाभाविक आहे. कानाची आतली नस कमकुवत असेल तर गुणगुणणं चांगल्या कानाकडेच सरकतं. पण वाट अडली असेल तर ते अडलेल्या कानाकडे जातं, काकांनी वर सांगितलेल्या बोटं घालण्याच्या कारणानेच. बाबांच्या डाव्या कानाला जणू कोणी बोट लावून ठेवलंय. कानाच्या डॉक्टरांना आत बघू द्या. तोवर तेल, काडी, पिन काही घालू नका.

आता टेकूरावांच्या मुद्द्यावर, कारण ते अर्धे बरोबर आहेत. एफडीएची मान्यता खरी आहे. पण ती १८ वर्षांवरच्या आणि ज्यांना सौम्य ते मध्यम श्रवणदोष जाणवतो अशांसाठी आहे. शिवाय इअरबड म्हटलं की लोक तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकतात.

पहिली, बाहेरचा आवाज आत सोडून सगळाच थोडा मोठा करणं. हे बऱ्याच इअरबडमध्ये असतं, आणि त्याला तुमच्या कानाबद्दल काहीही माहीत नसतं. दुसरी, ज्याला कॉन्व्हर्सेशन बूस्ट म्हणतात ती. दोन्ही कानांतल्या माइकना तोच आवाज किती आगेमागे पोचला यावरून समोरून येणारा आवाज कोणता हे ठरवलं जातं, तो पुढे आणला जातो आणि बाजूचे मागे ढकलले जातात. यातही कानाचा आलेख लागत नाही, दिशा लागते. तिसरी, आलेख घेऊन प्रत्येक स्वराला वेगळी वाढ देणं. मान्यता या तिसऱ्या गोष्टीला आहे. श्रवणयंत्राचं काम खऱ्या अर्थाने तिथे सुरू होतं.

आणि तिथेच बाबांच्या बाबतीत पाय घसरतो. फोनने डाव्या कानाचा आलेख प्रामाणिकपणे मोजला. टुंई टुंई खरंच ४५ ला ऐकू आली. पण का, हे त्या चाचणीला कळत नाही, कारण ती आवाज फक्त कानाच्या भोकातून पाठवते. आम्ही कानामागच्या हाडावर एक छोटी कंप देणारी डबी ठेवून तेच स्वर पुन्हा ऐकवतो. हाडातून नीट ऐकू आलं आणि हवेतून नाही, तर नस बरी आहे आणि वाट अडली आहे. फोनकडे ही दुसरी वाट नाही. म्हणून सध्या तो डाव्या कानात भरपूर खर्ज ओततोय, नस अधू आहे असं समजून. बाबांच्या पिंपात त्याचाही हिस्सा असणार.

टेकूराव

हे पटलं. पण मग चाचणी चुकीची नाही, तिचा वापर चुकीचा झाला, असं म्हणा ना.

कर्णफूल

तसंच म्हणतेय.

अर्धविराम

थोडं वेगळं लिहिते, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या आईला एका सकाळी उठल्यावर उजव्या कानाने ऐकू येईना. कान भरल्यासारखा वाटतो म्हणाली. आमच्याकडेही अशीच चाचणी होती. घेतली, उजव्याचा आकडा खूप मोठा आला. आम्हाला वाटलं इअरबड बिघडला. दोन दिवसांनी पुन्हा घेतली. मग इअरबडच बदलला, पुन्हा घेतली. या खेळात दहा दिवस गेले. डॉक्टर म्हणाले आधी यायला हवं होतं. स्टेरॉइड दिली, थोडं परत आलं, बरंचसं नाही.

मला अजून कळत नाही, पहिल्या दिवशी गेलो असतो तर पूर्ण आलं असतं का.

कर्णफूल

अर्धविराम, ते कोणालाच खात्रीने सांगता येणार नाही. काहींचं उपचाराशिवाय परत येतं, काहींचं वेळेत उपचार होऊनही येत नाही. तुम्ही चाचणीवर विश्वास ठेवला नाहीत, उपकरणावर संशय घेतलात, आणि तिथे बहुतेक लोक हेच करतात.

बाकीच्यांसाठी: एक कान तीन दिवसांच्या आत अचानक गेला तर ती तातडीची गोष्ट आहे. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे. चाचणी पुन्हा घेत बसायचं नाही आणि इअरबडने आवाज वाढवून काम चालवायचं तर नाहीच. मळ आहे की नस, हे घरी वेगळं करता येत नाही. गुणगुणण्याची युक्तीही इथे भरवशाची समजू नका.

घोंगडी

अच्छा, म्हणजे हे बाहेरचा आवाज आत घेतात. मला वाटलं होतं फक्त गाण्यांचेच असतात. मग माझ्या बहिणीला चालेल का? तिला अगदी ओरडून बोलावं लागतं, शेजारी बसूनसुद्धा.

कर्णफूल

ओरडून बोलावं लागतं म्हणजे बहुधा मध्यमच्या पुढे गेलंय. तिथे इअरबड तोकडा पडतो, त्याच्या आवाजाच्या ताकदीला मर्यादा ठरवून दिलेली असते. चांगली सॉफ्टवेअर निकाल तीव्र आला तर स्वतःच सांगतात की ही सोय तुमच्यासाठी नाही. त्यांना सरळ तपासणीला न्या.

सांजवेळ

तीन आठवड्यांनी परत येतेय.

डाव्या कानात मळाचा कडक गोळा होता, वाट पूर्ण बुजलेली. डॉक्टरांनी आधी थेंब देऊन मऊ केला, मग काढला. बाबा बाहेर येऊन म्हणाले, "चपला वाजतात माझ्या."

मग रीतसर ऑडिओग्राम झाला, काचेच्या खोलीत, हाडावरच्या डबीसकट. उजवा फोनच्या आकड्यांशी जवळजवळ जुळला, फक्त १००० ला २५ ऐवजी ३०. डावा आता असा: २५० ला २०, ५०० ला २५, १००० ला ३०, २००० ला ४५, ४००० ला ६०, ८००० ला ७५. सरासरी ४०. हाडातूनही तेवढाच.

एक समजलं नाही. डबी ठेवल्यावर दुसऱ्या कानात शूऽऽ असा आवाज सोडला होता. कशासाठी?

आणि शब्द ऐकवून पुन्हा म्हणायला सांगितले. उजव्याने शंभरातले ९२ बरोबर, डाव्याने ८४.

कर्णफूल

कवटी एकच आहे. डाव्या बाजूच्या हाडाला दिलेला कंप उजव्या कानालाही पोचतो, आणि बाबा "ऐकू आलं" म्हणतात तेव्हा कुठल्या कानाने ते कळत नाही. म्हणून ज्याची परीक्षा नाही त्याला शूऽऽ मध्ये गुंतवून ठेवायचं.

शब्दांचे आकडे चांगले आहेत. मला ते सरासरीपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटतात. आवाज पुरेसा मोठा केला तर कान शब्द ओळखतो का, हे त्यावरून कळतं. दोन कानांचा आलेख सारखाच आणि एकाचे शब्द शंभरातले चाळीस आले असते, तर मी पुढची तपासणी सुचवली असती, आणि तिथे ना इअरबड उपयोगी ना मशीन पुरेसं.

एक काम आजच करा. इअरबडमधली जुनी चाचणी अजून चालू असेल तर ती काढा. मळ गेला तरी फोन डाव्या कानाला जुन्याच हिशोबाने खर्ज वाढवून देत असेल. नवी चाचणी घ्या, किंवा फोनमध्ये सोय असेल तर दवाखान्याचा आलेख भरा.

सांजवेळ

अरे देवा, खरंच जुनीच चालू होती! परवापासून बाबा म्हणत होते, डावीकडे ढोल वाजतो. आम्हाला वाटलं मळ काढल्याने कान नाजूक झालाय. नवी चाचणी घेतली, डावा ४१. ढोल थांबला.

आता खरं वापरायचं कसं ते सांगते. आम्ही दोघंच समोरासमोर बसलो की उत्तम. टीव्हीचा आवाज तर थेट इअरबडमध्ये जातो, घरात शांतता आहे. पण परवा घरात आठ माणसं होती आणि सगळं फिसकटलं. बाबा समोरच्याकडे बघत होते, बोलत होती उजवीकडची आत्या. बाबा मान वळवेपर्यंत वाक्य संपलेलं. शेवटी काढून खिशात टाकले.

जुनाखोड

ती दिशेची गंमत. माइक जिकडे नाक तिकडे. दोघांत छान, घोळक्यात आपण टेनिसचा सामना बघणारे. माझ्या मशीनमध्येही दिशेची सोय आहे, पण ती आपली आपण रुंद-अरुंद होते. बाजूने कोणी बोलायला लागलं तर थोडं उघडते. तरी सांगतो, आठ माणसांत मलाही सगळं कळत नाही. मी भिंतीला पाठ करून बसतो, म्हणजे मागून येणारा गोंगाट कमी होतो. मशीनवाल्याने हे सांगितलं नव्हतं, चार समारंभ वाया घालवून कळलं.

आणि अजून एक. कानात इअरबड दिसला की लोक समजतात हा माणूस काहीतरी ऐकतोय, आणि बोलायचेच थांबतात. नाहीतर "आधी ते काढा" म्हणतात. मशीन दिसलं की उलट जरा सावकाश बोलतात. बाबांना मशीनची लाज वाटते ना? त्यांना हे सांगून बघा.

टेकूराव

काका, हा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. मी स्वतः समोरच्याला "काढ ते" म्हणतो.

पण तरीही माझं म्हणणं आहे की बाबांनी इअरबडपासून सुरुवात केली हे बरंच झालं. नाहीतर ते तपासणीला गेलेच नसते, आणि मळ अजून आत असता.

जुनाखोड

किंवा सुरुवातीलाच डॉक्टरकडे गेले असते तर ढोल वाजलाच नसता.

टेकूराव

गेले नसते हो. धाग्याचं तिसरं वाक्यच वाचा.

कर्णफूल

यावर माझ्या सहकाऱ्यांतही एकमत नाही, आपल्यात होईल असं वाटत नाही. काही जण सौम्य दोषात इअरबड आनंदाने सुचवतात. माझी अडचण वेळेची आहे. बहुतेक इअरबड एका चार्जवर पाच-सहा तास, काही त्याहून जास्त चालतात, मग डबीत जातात. मशीन सकाळी घातलं की रात्री काढायचं. मेंदूला गळालेले आवाज पुन्हा ओळखायला दिवसभराचा सराव लागतो. फक्त पाहुणे आले की घातलं, तर दर वेळी सगळं कर्कश आणि परकंच वाटतं.

बाबांचे आकडे सरासरीने सौम्य-मध्यमच्या सीमेवर आहेत, म्हणजे दोन्ही वाटा खुल्या आहेत. मशीन काही दिवस वापरून बघायला मिळत असेल तर घ्या आणि घरातल्याच प्रसंगात तुलना करा. एक विचारा मात्र: जुळवणी करताना कानात बारीक नळी घालून पडद्याजवळचा आवाज मोजणार का? प्रत्येकाच्या कानाची पोकळी वेगळी असते. संगणकावर "४००० ला इतकी वाढ" दिसते ती पडद्यापर्यंत तितकीच पोचते असं नाही. ही मोजणी न करता दिलेलं महागडं मशीन आणि नीट बसवलेला इअरबड यात मला मशीनची बाजू घेता येणार नाही.

सांजवेळ

बाबा तयार झाले! काकांचा "लोक बोलायचेच थांबतात" हा मुद्दा मी त्यांना वाचून दाखवला. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणून तो वरच्या मजल्यावरचा मला हात दाखवून निघून जातो होय."

काल मशीन चाचणीसाठी मिळालं, दोन्ही कानांना. पहिला दिवस: वर्तमानपत्राची घडी उलगडली की दचकतात, भिंतीवरचं घड्याळ काढायला सांगितलं. पण संध्याकाळपर्यंत घातलेलं होतं.

नळी घालून मोजलं का विचारलं. मोजलं नव्हतं, मी विचारल्यावर "पुढच्या वेळी करू" म्हणाले. आणि टोपी बंद दिली आहे, छिद्रांची नाही. पिंपाची तक्रार पुन्हा सुरू. छिद्रांची मागू का?

कर्णफूल

मागा. २५० आणि ५०० ला बाबा २० ते २५ वर आहेत, तो खर्ज बंद करायचं कारण दिसत नाही. त्यांनी बंद टोपी का दिली असेल तेही सांगते. ४००० ला ५५ ते ६० आहे. तिथे चांगली वाढ द्यावी लागते, आणि उघड्या टोपीतून तो आवाज बाहेर निसटून पुन्हा माइकमध्ये शिरला की मशीन शिट्टी मारतं. बंद टोपीत शिट्टीचा धोका कमी, म्हणून ती सोपी वाट.

आधी छिद्रांची लावून बघू द्या. शिट्टी आली तर लहान छिद्राची मधली टोपी मिळते. आणि नळीची मोजणी टोपी बदलल्यानंतरच करायला सांगा. आधी केली तर टोपी बदलताच ते आकडे निरुपयोगी होतील.

जुनाखोड

शिट्टी बघायची असेल तर बाबांना कोणालातरी मिठी मारायला सांगा. कानाजवळ काही आलं की लगेच वाजते. माझी नात त्याला "आजोबांचा कुकर" म्हणते.

सांजवेळ

गुरुवारी जातोय. घड्याळ अजून कपाटात आहे.